संक्रांतीनंतर पाणी तोडा: बेळगाव भागात कुंडीतली कॉफी आणि तिचा बहार

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुंडीत कॉफीचं झाड जगतं, फुलतं आणि त्याला फळंही धरतात. त्या फळांची कॉफी पिण्याजोगी होते का, तर होते. मात्र वर्षभराच्या पिकातून चार-पाच कप निघाले तर झाड चांगलं आलं असं समजायचं. मी घरी कॉफीची झाडं सांभाळतो आणि ओळखीच्या बऱ्याच जणांच्या गच्चीतली झाडं पाहतो. तिथे दोन प्रकार हमखास दिसतात. काहींचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात करपतं. बाकीच्यांचं हिरवंगार डौलदार वाढतं, पाच-सहा वर्षांचं होतं, पण एक कळी उमलत नाही. पहिल्याचं कारण ऊन असतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा वर्षभर सारखं घातलेलं पाणी असतं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

रोप घेताना एकच प्रश्न विचारा

नर्सरीत "कॉफीचं रोप" एवढंच म्हणून देतात. आपण विचारायचं, अरेबिका की रोबस्टा? रोबस्टाचं एकटं झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला शेजारी दुसरं, वेगळ्या बीचं रोबस्टा लागतं. अरेबिका स्वतःच्याच परागावर फळते. घरात एक कुंडी ठेवणार असाल तर अरेबिकाच हवी. शिरसी, यल्लापूर भागातल्या सुपारीच्या बागांत पुष्कळदा रोबस्टा लावलेली असते. तिकडच्या पाहुण्यांनी प्रेमाने आणून दिलेलं रोप कितीही जोमदार असलं तरी एकटं फुलून रिकामं राहील. ओळखायला पान बघा. अरेबिकाचं पान साधारण वीतभर किंवा त्याहून लहान, गडद आणि चकचकीत असतं. रोबस्टाचं मोठं, रुंद आणि शिरांमध्ये फुगल्यासारखं सुरकुतलेलं असतं.

चिकमगळूर किंवा कोडगूकडे जाणं झालं तर तिथल्या नर्सरीत अरेबिकातला चंद्रगिरी हा वाण मागा. तो बुटका, दाट फांद्यांचा आहे आणि तांबेऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. मळ्यांत जुना आणि मानाचा वाण म्हणजे एस. ७९५, चवीला उत्तम, पण उंच वाढतो. कुंडीसाठी मी चंद्रगिरीच निवडेन. दुकानातल्या भाजलेल्या बिया तर उगवतच नाहीत, आणि पाकिटातल्या हिरव्या बियाही सहसा जुन्या असतात. त्यांची वाट पाहण्यात वर्ष जातं.

वर्ष-दीड वर्षाचं रोप आणलंत तर पहिली फुलं साधारण दोन-तीन वर्षांनी दिसतात.

कुंडी आणि माती

कॉफीला सोटमूळ असतं आणि ते खाली सरळ जायला बघतं. पिशवीतून काढताना मूळ तळाशी गोल वळलेलं दिसलं तर ते वळण कात्रीने छाटून मग लावा, नाहीतर झाड काही वर्षांनी उगाच खुरटतं. सुरुवातीला आठ-दहा इंची कुंडी पुरते. दुसऱ्या वर्षी १४ ते १६ इंची, खोल कुंडीत हलवा आणि तिथेच ठेवा. मातीची कुंडी मुळांना गार ठेवते, पण लवकर सुकते. काळी प्लॅस्टिकची कुंडी मात्र गच्चीवर एप्रिलात इतकी तापते की कडेची मुळं मरतात. तीच असेल तर भोवती गोणपाट गुंडाळा.

मळ्यातल्या रोपवाटिकेत जुनं प्रमाण आहे: सहा भाग रानातली माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. कुंडीत पाणी अधिक तुंबतं म्हणून मी वाळू वाढवून चार भाग माती, दोन भाग शेणखत आणि दोन भाग जाड वाळू घेतो. माती कुठली, हे मात्र आपल्या भागात महत्त्वाचं आहे. खानापूर, जांबोटी आणि बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती कॉफीला मानवते, कारण तिला किंचित आंबट माती लागते. अथणी, रायबाग, गोकाककडची काळी माती कुंडीत घालू नका. ती पावसात चिखल होते, उन्हात भेगाळते आणि कॉफीला नको तितकी चुनखडीची असते. तिकडच्यांनी दोन पोती तांबडी माती मागवून घ्यावी, पुढचा बराच त्रास वाचतो.

आपल्याकडे झाडाला राख आणि अंड्याची टरफलं घालायची सवय असते. कॉफीला ती घालू नका. दोन्हींनी मातीचा आंबटपणा जातो, मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

ऊन: सकाळचं द्या, दुपारचं अडवा

रानात कॉफी मोठ्या झाडांखाली वाढते, मळ्यातही तिच्यावर सिल्व्हर ओकची आणि इतर झाडांची सावली असते. अरेबिका आपल्याकडे साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर लावतात. बेळगाव शहर आहे सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे हवा तिला हवी त्यापेक्षा थोडी गरम, पण सावलीने ती तूट बरीचशी भरून निघते.

उत्तम जागा म्हणजे पूर्वेचा व्हरांडा किंवा पूर्वेकडचं परडं. सकाळी दहा-साडेदहापर्यंतचं ऊन थेट, नंतर लख्ख उजेड पण ऊन नाही. गच्चीच असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, आणि पश्चिमेची बाजूही झाका. लोक वरून जाळी घालतात आणि चार वाजताचं तिरकं ऊन बाजूने येऊन पानं भाजतं. ऊन जास्त झाल्याची खूण म्हणजे पानाच्या वरच्या, उन्हाकडच्या भागावर फिकट पिवळट चट्टा येतो आणि तो पुढे तपकिरी, कागदासारखा होतो. एकाच बाजूच्या पानांवर असेल तर ऊनच. सगळ्या पानांच्या टोकांना तपकिरी कड आली असेल तर कोरडी हवा, कमी पाणी किंवा पाण्यातले क्षार यांचा संशय घ्या.

सावलीचा अतिरेकही चालत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड दिसायला सुंदर राहतं, पण दोन पानजोड्यांमधलं अंतर वाढत जातं, फांद्या लांब आणि लुळ्या होतात आणि पानांच्या बगलेत कळ्या धरत नाहीत. आपल्याकडे हे पावसाळ्यात होतं. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा हिरव्या जाळीचा काही उपयोग नाही, उलट झाड अंधारात राहतं. मृग लागला की जाळी काढून टाका आणि दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरचं ऊन चटका देऊ लागलं की परत बांधा. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण पावसाळा संपता संपताच पुढच्या वर्षाच्या कळ्या पानांच्या बगलेत तयार होऊ लागतात.

पाणी: एरवी किती

सध्या ताणाचे महिने बाजूला ठेवू. एरवी नियम सोपा आहे: बोट दोन पेरं मातीत घाला. वरचं पेर कोरडं आणि दुसरं ओलसर लागलं की पाणी द्या, आणि दिलं की तळाच्या भोकातून निघेपर्यंत द्या. १६ इंची कुंडीला ते साधारण दोन ते तीन लिटर होतं. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याने वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं कोरडी राहतात. मार्चअखेर ते मे या काळात बहुतेक दिवसाआड, कधी रोज. थंडीत आठवड्यातून दोनदा पुरतं.

पावसाळ्यात दोन उलट्या गोष्टी होतात. उघड्यावरची कुंडी सतत भिजून मुळं कुजतात, म्हणून खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि भोकात काडी घालून ते मोकळं आहे ना ते बघत राहा. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात तर पागोळीच्या आतच ठेवा. पण पागोळीच्या आत ठेवलेली कुंडी बाहेर धो धो पाऊस असताना कोरडी पडते आणि आपल्या ध्यानातही येत नाही. त्या महिन्यांत फळं फुगत असतात, पाणी कमी पडलं तर आतली बी बारीक राहते. म्हणून जुलैतही बोट घालून बघणं सोडू नका.

पाणी कुठलं, यालाही अर्थ आहे. बेळगावात नळाला येणारं पाणी चालतं. बोअरच्या पाण्याने बादलीत पांढरा थर धरत असेल तर ते पाणी कॉफीला सावकाश पिवळं पाडणार. पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि ते तिच्यासाठी राखून ठेवा. नवी पानं पिवळी पडलीच असतील तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणात एकदा फवारा आणि पाणी बदला. पाणी न बदलता नुसतं लोह देत राहिलात तर दोन महिन्यांत पुन्हा तेच.

ताण आणि बहार

आता मुख्य गोष्ट. डाळिंबवाल्याला आणि लिंबूवाल्याला हे सांगावं लागत नाही: पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग भरपूर पाणी देऊन बहार धरायचा. कॉफीचंही नेमकं तसंच आहे.

पावसाळ्यानंतर पानांच्या बगलेत ज्या कळ्या धरतात त्या चार ते सहा मिलिमीटर झाल्या की थांबतात. हिरव्या, बारीक मेणबत्तीसारख्या त्या आठवडेच्या आठवडे तशाच बसून राहतात. त्यांना आधी कोरडेपण लागतं आणि मग एकाएकी भरपूर ओल आणि गारवा. कोडगू-चिकमगळूरला मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस पडतो तो हेच काम करतो. तो वेळेवर आला नाही तर मळेवाल्यांची झोप उडते. वळीव आपल्याकडेही येतो, पण कुंडीतल्या झाडाला त्याची वाट पाहत एप्रिलपर्यंत कोरडं ठेवता येत नाही. कुंडीतली ओल जमिनीपेक्षा कितीतरी लवकर संपते. म्हणून हा वळीव आपण स्वतः, जरा आधी पाडायचा.

आधी झाड ताणाजोगं आहे का ते बघा. खोड अंगठ्याइतकं जाड, आडव्या फांद्यांच्या पाच-सहा तरी जोड्या, आणि पानांच्या बगलेत कळ्या दिसत असतील तरच पुढे जा. कळ्या गेल्या वर्षी वाढलेल्या आडव्या फांद्यांवर, पेरापेराशी येतात. कळ्याच नसतील तर ताण देऊन नुसतं झाड दमवाल. त्याला आणखी एक वर्ष द्या आणि उजेड वाढवा.

संक्रांत झाली की पाणी कमी करायला लागा. एकदम बंद करू नका. पहिला आठवडाभर नेहमीच्या निम्मं, मग आठवड्यातून एकदा लिटरभर. काही दिवसांनी दुपारी दोनच्या सुमारास पानं खाली लोंबायला लागतील. इथे माणूस घाबरून पाणी घालतो आणि सगळं फुकट जातं. बघायचं ते सकाळी. सूर्य वर यायच्या आत पानं पुन्हा ताठ, आडवी झाली असतील तर झाड ठीक आहे, पाणी देऊ नका. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील, तर ताण मर्यादेबाहेर गेला. तेव्हा अर्धा लिटर पाणी द्या, भिजेपर्यंत नाही, आणि पुन्हा बघत राहा. जुनी दोन-चार पानं पिवळी पडून गळणं स्वाभाविक आहे. कोवळ्या शेंड्याची पानं काळी पडू लागली तर मात्र ताण तिथेच सोडा.

या काळात झाड छपराखाली हवं. फेब्रुवारीत चुकून एखादी सर आली तर अर्धवट भिजलेल्या कळ्या अर्धवट उठतात आणि मग धड फुलही होत नाही. खतही या काळात अजिबात नको.

असं चार ते सहा आठवडे. शिमगा मागेपुढे होतो, म्हणून तारीख धरायची तर मार्चचा पहिला-दुसरा आठवडा. संध्याकाळी पाणी द्या, गार पाणी, आणि खरोखर भरपूर: १६ इंची कुंडीला पाच-सहा लिटर, अर्ध्या तासाच्या अंतराने दोन-तीन वेळा, तळातून वाहून जाईपर्यंत. झारीने सगळ्या फांद्या आणि कळ्याही भिजवा, पाऊस पडल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा. इथे कंजुषी केली तर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे: कळ्या पांढऱ्या न होता हिरवट किंवा गुलाबीसर राहतात, आखूड आणि जाडसर चांदणीसारख्या उघडतात आणि फळ न धरता गळतात. तसं दिसलं तर ओल अपुरी पडली किंवा त्या दिवसांत ऊन फार चढलं.

सगळं जमलं तर तीन-चार दिवसांत कळ्या फिकट होऊन लांबायला लागतात आणि आठ ते दहा दिवसांनी, पहाटे, सगळ्या एकदम उमलतात. मोगऱ्यासारखा वास व्हरांडाभर असतो. दोन-तीन दिवसांत फुलं तपकिरी होतात. उमललेल्या फुलांवर पाणी मारू नका, पराग धुऊन जातात. ब्रशने परागण करायची गरज नाही. सकाळी फांदी हलकेच हलवली तरी पुरे. त्यानंतर मात्र पाणी कधीच तोडायचं नाही. फुलं गळाल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एकदा नीट भिजवणं मळ्यातही आवश्यक मानतात.

फुलानंतर फळापर्यंत

फुलं गेली की फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके उरतात आणि दीड-दोन महिने ते वाढतच नाहीत. काही चुकलं असं समजून खताचा मारा करू नका. पावसाळा सुरू झाला की ते झपाट्याने फुगतात. शेंगदाण्याची मूठभर पेंड दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवायची, त्यात दहापट पाणी मिसळायचं आणि त्यातलं लिटरभर महिन्यातून एकदा द्यायचं, मे ते सप्टेंबर. एवढं झाडाला पुरतं.

झाड लहान आणि फळं फार धरली असतील तर निम्मी काढून टाका. मन होत नाही, पण कॉफीचं झाड झेपेल त्यापेक्षा जास्त फळं घेऊन बसतं, मग पानं गळतात, फांद्या टोकाकडून वाळत येतात आणि पुढचं वर्ष रिकामं जातं.

छाटणीचं थोडक्यात. शेंडा अडीच-तीन फुटांवर खुडा म्हणजे झाड आवाक्यात राहतं. खोडावरून सरळ वर जाणारे फुटवे दिसतील तेव्हा काढत राहा. आडव्या फांद्या मात्र मुळाशी कापू नका. फळं त्यांच्यावरच येतात, आणि खोडावर त्याच जागी पुन्हा नवी आडवी फांदी फुटत नाही.

रोगकिडींत कुंडीत दोनच सारख्या भेटतात. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की पानाखाली, बगलांत पिठ्या ढेकूण किंवा हिरवी खवले कीड असणार. ओल्या फडक्याने पुसा आणि लिटरला पाच मिली कडुलिंबाचं तेल, थोडं साबणपाणी घालून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. निपाणी भागात तंबाखूचा काढा फवारायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी असतो आणि आपण पुढे या झाडाची फळं वापरणार आहोत, म्हणून नको. दुसरा तांबेरा: पानाखाली नारिंगी भुकटी, बोटाला लागते. तशी पानं काढून जाळा. दरवर्षी येत असेल तर पावसाच्या तोंडावर अर्धा टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे लिटर पाण्याला पाच ग्रॅम मोरचूद आणि पाच ग्रॅम चुना, प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र.

किती कॉफी निघते

फुलापासून आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरअखेरपर्यंत फळं लाल होतात. सगळी एकदम नाही, तीन-चार तोडे होतात. पूर्ण लाल झालेलंच फळ काढा. ते दोन बोटांत दाबलं की बी सहज बाहेर निसटते. हिरवट पिवळ्या फळाची कॉफी गवतट आणि तुरट लागते.

चांगल्या वाढलेल्या पाच वर्षांच्या झाडाला २०० फळं आली असं धरू. एक फळ साधारण पावणेदोन ग्रॅमचं, म्हणजे ३५० ग्रॅम. पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढली की ३२० ग्रॅम उरतात. अरेबिकात सहा किलो फळांपासून साधारण एक किलो हिरवी बी मिळते, तेव्हा आपल्याला मिळणार त्रेपन्न ग्रॅमच्या आसपास. भाजताना सहावा हिस्सा वजन जातं, राहतात ४४ ग्रॅमच्या आसपास. फिल्टरला कपाला दहा ग्रॅम घातले तर चार कप. चवीबद्दलही खरं सांगतो: इतक्या खालच्या, गरम हवेत पिकलेल्या बीला चिकमगळूरच्या उंच मळ्यातल्या कॉफीचा सुगंध आणि आंबूस झळक येत नाही. पण ती सपाटही नसते, दूध घालून छान लागते.

मळ्यात अरेबिका सोलून, आंबवून, धुऊन वाळवतात. आठवड्याला मूठभर फळं तोडणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. अख्खी फळं ताटात एका थरात पसरून नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हात वाळवा, दिवसातून तीन-चारदा हलवा, रात्री घरात घ्या म्हणजे दव लागत नाही. दोन ते तीन आठवड्यांत फळं काळी, कडक होतात. हातात घेऊन हलवली की आत बी खुळखुळली पाहिजे, आणि एक फोडून बीवर नख दाबलं तर खूण उमटता कामा नये. नख रुतलं तर आणखी वाळवा, नाहीतर डब्यात बुरशी येते. सगळे तोडे वाळून जमले की खलबत्त्यात हलक्या हाताने कुटा, बी फुटू न देता, आणि सुपात पाखडा. आतलं पातळ टणक कवचही निघायला हवं. काळ्या आणि किडक्या बिया निवडून टाका.

पन्नास ग्रॅम भाजायला लहान लोखंडी तवा किंवा कढई घ्या. मध्यम आच, आणि हात क्षणभरही थांबू द्यायचा नाही. चार-पाच मिनिटांत बी पिवळी होते, मग तपकिरी, आणि आठ-दहा मिनिटांच्या सुमारास तडतडायला लागते. फिल्टर कॉफीसाठी तडतड मंदावून थांबली की लगेच परातीत ओता आणि पंख्याखाली गार करा. कढईतच ठेवली तर स्वतःच्या उष्णतेने जळत राहते. लगेच दळू नका, एक दिवस झाकण सैल ठेवून बरणीत राहू द्या. चिकोरी घालायची सवय असेल तर निदान या चार कपांत घालू नका, आपल्या झाडाची चव कळू द्या.

दुसऱ्या कुंडीसाठी बी

नवं रोप करायचं असेल तर सर्वांत जोमदार फांदीवरची दहा-बारा पक्की लाल फळं वेगळी ठेवा, तरंगणारी त्यात नकोत. हाताने सोला, चिकट बिया चाळलेल्या लाकडी राखेत घोळवून सावलीत चार-पाच दिवस सुकवा. कवच काढू नका आणि उन्हात ठेवू नका. कॉफीच्या बीची उगवणशक्ती काही महिन्यांतच ओसरते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच पेरा. वाळूमिश्रित मातीत, सपाट बाजू खाली करून, बोटाच्या एका पेराहून कमी खोल, वर भाताचं काड पसरून ओल टिकवा. दीड-दोन महिन्यांनी खोड वर येतं आणि त्याच्या टोकावर बी तशीच टोपीसारखी बसलेली असते. ती ओढून काढू नका. त्या टोपीच्या अवस्थेत किंवा टोपी पडून दोन गोल पानं उघडली की सोटमूळ वाकणार नाही अशा बेताने उचलून उंच पिशवीत लावा, आणि पहिला उन्हाळा पूर्ण सावलीत काढा.